दुखतंय कोपर, चुकतंय पावलांत

प्रश्न : ताई, माझं वय ४३. भुसावळजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे. दोन वर्षांपासून मंगळवार, गुरुवार आणि रविवार असं सकाळी ६ ते साडेसात सिमेंटच्या कोर्टवर टेनिस खेळतो. उजव्या हाताने खेळतो, बॅकहँडही एकाच हाताचा. दिवाळीत नवी रॅकेट घेतली, तिला पॉलिएस्टरचं गटिंग ५६ पौंडांवर करून घेतलं. आता दीड महिना झाला, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. चहाची किटली उचलतानाही कळ येते. सर्व्हिस करून आलो की खांदा जड होतो. बाजूच्या बॉलवर पोचतो, पण नेहमी उशिरा. ताकद वाढावी म्हणून जिममध्ये बेंच प्रेस आणि मनगटाचे व्यायाम सुरू केले, तर दुखणं उलट वाढलं. सोबतचे एक जण म्हणतात, इंजेक्शन घेऊन मोकळा हो. मला वेळ याच तीन दिवसांत आहे. त्यात बसेल असा खांदा, हात आणि पाय यांचा व्यायाम सांगाल का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय : 'पोचतो, पण नेहमी उशिरा.' मी तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण कोपराचं मूळ तिथे आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार तुमच्या जिममध्ये चाललाय.

एका हाताचा बॅकहँड नीट बसतो तेव्हा बॉल पुढच्या पायाच्याही थोडा पुढे भेटतो. मनगट ताठ असतं, हात जवळपास सरळ असतो आणि फटक्याचा जोर पाय, कंबर आणि खांदा मिळून देतात. पाऊल उशिरा पडलं की बॉल अंगाशी येतो. मग कोपर वाकवून पुढे काढावं लागतं, मनगट आत दुमडतं आणि त्या दुमडलेल्या मनगटावर बॉलचा धक्का बसतो. मनगट वर उचलणारे जे स्नायू आहेत त्यांचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेला असतो. हाताचा पंजा जमिनीकडे करून मनगट वर उचला आणि दुसऱ्या हाताने कोपराखाली चाचपून बघा, फुगणारा स्नायू हाताला लागेल. प्रत्येक उशिराच्या बॅकहँडला त्या कंडऱ्याला झटका बसतो. त्यात पॉलिएस्टर गटिंग कडक, ५६ पौंड म्हणजे ताणही बराच. धक्का गटिंगमध्ये जिरायला हवा, तो थेट हातात उतरतो. शिवाय दुकानात युरियाची ४५ किलोची गोणी तुम्ही पंजा खाली करूनच ओढत असणार. तीही त्याच कंडऱ्यावर.

आधी एक खात्री करून घ्या. हात सरळ ठेवून, पंजा खाली करून, प्लास्टिकची खुर्ची पाठीच्या वरच्या कडेला धरून उचला. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याशी नेमकी तीच कळ आली, आणि पंजा वर करून उचलताना ती नसली किंवा फार कमी असली, तर हा टेनिस एल्बोच आहे असं धरून चालू. पण बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवली की हातात कळ जात असेल, कोपर सुजलं असेल किंवा अडकत असेल, रात्री खांद्याच्या दुखण्याने जाग येत असेल किंवा हात डोक्यावर नेताच येत नसेल, तर पुढचं काही न करता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

इंजेक्शनचं एवढंच सांगते. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की चार-सहा आठवडे छान वाटतं, हे खरं. पण ते घेतलेल्यांची तुलना व्यायाम करणाऱ्यांशी किंवा नुसती वाट बघणाऱ्यांशी केली, तेव्हा वर्षाच्या शेवटी इंजेक्शनवालेच मागे पडलेले दिसले आणि त्यांचं दुखणं परत येण्याचं प्रमाणही जास्त होतं. कंडरा बळकट व्हायला त्याच्यावर बेताचा भार पडावा लागतो. इंजेक्शन कळ दाबतं, भार पेलायला शिकवत नाही. कोपराच्या दोन बोटं खाली बांधायचा पट्टा मात्र खेळताना आणि दुकानात वापरायला हरकत नाही. त्याने तात्पुरता आराम पडतो.

आणि व्यायामाला हात घालायच्या आधी या आठवड्यात गटिंग बदला. मल्टिफिलामेंट, म्हणजे बारीक धाग्यांचं मऊ गटिंग, ५० पौंडांच्या आसपास करून घ्या. पॉलिएस्टरचा फायदा जोरदार फिरकी मारणाऱ्यांना होतो, आणि तेसुद्धा ते वरचेवर बदलतात. आपल्यासारख्यांच्या रॅकेटवर ते महिनोन्‌महिने राहतं, त्यातला जीव जातो, कडकपणा तेवढा उरतो. जुने, दवाने भिजून जड झालेले बॉलही डब्यातून काढून टाका.

आता पाय.

कोर्टचं माप बघा. मागच्या रेषेच्या मध्यापासून एकेरीच्या बाजूच्या रेषेपर्यंत अंतर ४.११ मीटर. त्यातून तुमचा हात आणि रॅकेट मिळून दीड मीटरच्या आसपास वजा करा. उरले अडीच ते पावणेतीन मीटर, म्हणजे तीन-चार पावलं. तुम्हाला पळण्याचा वेग कमी पडत नाहीये, पहिलं पाऊल उशिरा पडतंय. मेहरूण तलावाभोवती रोज पाच किलोमीटर पळणारे खेळाडू माझ्याकडे येतात आणि तेही बॉलवर उशिराच पोचतात, कारण पळण्यात ही गोष्ट शिकायला मिळतच नाही.

ती गोष्ट म्हणजे स्प्लिट स्टेप. समोरचा बॉल मारतो त्या क्षणी तुम्ही दोन्ही पायांवर छोटीशी उडी घेतलेली असावी, जमिनीपासून फार तर चार बोटं, आणि बॉल कुठे जातोय हे कळतं त्याच वेळी चवड्यांवर उतरलेलं असावं. उतरताना पोटऱ्या आणि मांड्या स्प्रिंगसारख्या ताणल्या जातात आणि त्याच ताणातून पहिलं पाऊल सुटतं. समोरच्याच्या रॅकेटमधून बॉल निघून गेल्यावर तुम्ही उडी मारली, तर हवेत असताना काहीच करता येत नाही, तेवढा वेळ फुकट. उडीच नाही घेतली, तर टाचा जमिनीला चिकटलेल्या असतात. चाळिशीतल्या बहुतेकांचं दुसरं होतं. पहिले दोन आठवडे हे रॅकेटशिवाय शिका. दुसरे खेळत असताना बाजूला उभे राहा आणि त्यातल्या एकाच्या प्रत्येक फटक्याला उडी घ्या. नुसतं रॅकेट-बॉलच्या आवाजावर नाही, हाताच्या हालचालीवर नजर ठेवून. आवाज ऐकून उडी मारली की उशीर झालेला असतो.

मग बॉल-ड्रॉप. जोडीदार तीन मीटरवर उभा राहतो, दोन्ही हात बाजूला खांद्याच्या उंचीवर, दोन्हींत एकेक बॉल. तो छोटी उडीची खूण करतो, तुम्ही स्प्लिट स्टेप घेता, तो एक बॉल सोडतो. दुसरा टप्पा पडायच्या आत तुम्ही बॉल झेलायचा. खांद्याच्या उंचीवरून सुटलेल्या बॉलचे दोन टप्पे दीड सेकंदाच्या आत होतात, तेव्हा पहिलं पाऊल चुकलं की बॉल गेलाच समजा. ६ वेळा करायचं, मग एक मिनिट थांबायचं, असे ४ फेरे. १० पैकी ८ बॉल हाती लागले की जोडीदाराने अर्धा मीटर मागे सरकायचं. दम लागेपर्यंत करू नका. दमलेल्या पायांना मंद पाऊलच शिकवलं जातं. टेनिसमध्येसुद्धा बहुतेक पॉइंट दहा सेकंदांच्या आत संपतात आणि मध्ये नियमाने २५ सेकंदांपर्यंत थांबता येतं.

पावलं शिकवून भागत नाही, पायांत ब्रेकही हवा. बाजूला धावत जाऊन बॅकहँडला थांबताना उजवा पाय अंगाचा सगळा भार एकट्याने झेलतो. त्याने तो झेलला नाही तर धड वाकतं, मग बॉल मारायला उरतो फक्त हात. तपासून बघा : खुर्चीच्या टोकावर बसून एका पायावर उठा आणि सावकाश बसा. गुडघा आतल्या बाजूला पडला, किंवा शेवटच्या वीतभर अंतरात तुम्ही धपकन बसलात, तर मांडी आणि कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कमी पडतोय. दुसरी तपासणी : भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर उठत राहा, पूर्ण उंचीपर्यंत. तुमच्या वयाला वीसच्या वर जायला हवेत आणि दोन्ही पायांत फारसा फरक नको.

यासाठी तीनच व्यायाम. पहिला साइड लंज : एका बाजूला मोठं पाऊल टाकायचं, त्या पायावर बसायचं, एक सेकंद थांबायचं आणि त्याच पायाने ढकलून परत यायचं. दुसरा स्प्लिट स्क्वॉट : एक पाय पुढे, एक मागे, सरळ खाली आणि वर. दोन्ही प्रत्येक पायाला ८ वेळा, ३ फेरे. आठ सहज व्हायला लागले की छातीशी पाच किलोचं काहीतरी धरा, बियाण्याची पाकिटं पिशवीत भरली तरी चालतील, दुकान तुमचंच आहे. तिसरा पोटरीचा, पण गुडघा किंचित वाकवून, कारण खेळताना तुम्ही गुडघे वाकलेल्या अवस्थेत असता आणि तिथे पोटरीचा आतला, खोलवरचा स्नायू काम करतो. १५ वेळा, ३ फेरे, दोन सेकंदांत वर आणि तीन सेकंदांत खाली.

खांद्याकडे वळते. रावेरकडून केळीने भरलेली ट्रॉली उतारावरून येताना ड्रायव्हरचा जीव इंजिनात नसतो, ब्रेकमध्ये असतो. सर्व्हिसचंही तसंच आहे. छाती आणि खांद्याचे पुढचे स्नायू हात वेगाने पुढे फेकतात. बॉल सुटल्यावर तो हात थांबवायचं काम खांद्याच्या मागे, फऱ्यावरून निघणाऱ्या लहानशा स्नायूंवर येतं, आणि ते तसे नाजूकच असतात. तुमचा बेंच प्रेस इंजिन मोठं करत होता, ब्रेक आहे तसेच. म्हणून सर्व्हिसनंतरचा जडपणा. सर्वसाधारण हिशेब असा की, हात बाहेर फिरवायची ताकद आत फिरवायच्या ताकदीच्या किमान दोन तृतीयांश असावी. नियमित सर्व्हिस करणाऱ्यांचा हा हिशेब हळूहळू बिघडत जातो. बेंच प्रेस दोन महिने बंद ठेवा. नंतर केलात तरी एका ढकलण्याला दोन ओढण्याचे व्यायाम, हे प्रमाण ठेवा.

रबरबँड नसेल तर सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा, उभी कापा, खिडकीच्या गजाला बांधा. पंचविशीत मी त्याच ट्यूबवर शिकले.

पहिला व्यायाम : ट्यूब कोपराच्या उंचीवर बांधायची, उजव्या बाजूच्या बरगडीशी गुंडाळलेला टॉवेल कोपराने दाबून धरायचा, कोपर काटकोनात. पंजा पोटाकडून बाहेर फिरवायचा, आणि परत येताना तीन सेकंद मोजत सावकाश सोडायचा. हे सोडणं हाच ब्रेक. १५ वेळा, ३ फेरे. टॉवेल पडला याचा अर्थ तुम्ही दंड उचलून फसवताय, तेव्हा ट्यूब हलकी करा. हे काम खांद्याच्या मागच्या बाजूला जाणवायला हवं. पुढे टोचलं तर कोन चुकलाय किंवा ताण जास्त आहे.

दुसरा : ट्यूब दोन्ही हातांनी पोटाकडे ओढायची, शेवटी दोन्ही फरे मणक्याकडे आवळून दोन सेकंद थांबायचं. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. १२ वेळा, ३ फेरे. तिसरा भिंतीवरचा पुशअप, पण हात सरळ झाल्यावर अजून थोडं ढकलायचं, फरे बरगड्यांवरून पुढे सरकेपर्यंत. फरा हा खांद्याचा पाया आहे. तो डगमगला की वरचे लहान स्नायू दुप्पट राबतात. १२ वेळा, २ फेरे.

पाचव्या आठवड्यापासून पहिला व्यायाम सर्व्हिसच्या स्थितीत न्यायचा : दंड खांद्याच्या उंचीवर बाजूला, कोपर काटकोनात, पंजा वर, ट्यूब समोर बांधलेली. इथे १० वेळाच, हलक्या ट्यूबने. घाई केली की खांदा पुढून टोचतो, तसं झालं तर दोन आठवडे पुन्हा टॉवेलवर या. याशिवाय खेळून झाल्यावर उजवा हात छातीवरून आडवा नेऊन डाव्या हाताने हलकेच ओढा, ३० सेकंद, ३ वेळा. सर्व्हिस करणाऱ्यांचा खांदा मागून आखडतो.

आता कोपराखालचा हात. इथेच तुमचा जिममधला व्यायाम फसला. पंजा वर ठेवून डंबेल उचललात तर ताकद आतल्या बाजूला वाढते, दुखतं बाहेरच्या बाजूला. पंजा खाली ठेवून झपाझप केलात तर दुखऱ्या कंडऱ्याला आणखी झटके. धुळ्याच्या एका बँकवाल्यांनी याच पद्धतीने रोज शंभर-शंभर केले होते. तीन महिन्यांनी त्यांना भाकरीचा घाससुद्धा डाव्या हाताने मोडावा लागत होता.

पहिले दोन आठवडे हलवायचंच नाही. हात टेबलावर पूर्ण टेकवा, पंजा खाली, मनगट कडेच्या बाहेर. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलो. ती धरून मनगट सरळ ठेवायचं आणि ४५ सेकंद तसंच थांबायचं, मध्ये एक मिनिट विश्रांती, असं ५ वेळा. नुसतं धरून ठेवण्याने कंडऱ्यावर भार येतो पण झटका बसत नाही, आणि पुष्कळांना त्याने दुखणंही उतरल्यासारखं वाटतं. हे मात्र तिन्ही दिवस.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन सेकंदांत वर, चार सेकंदांत खाली, १२ वेळा, ३ फेरे. वजन दीड, मग दोन किलो. सातव्या आठवड्यापासून तेच काम कोपर सरळ करून, हात टेबलाच्या आधाराशिवाय, कारण खेळताना आधार नसतो. तेव्हा वजन पुन्हा एका किलोपासून. याच टप्प्यात हातोडी घ्या : दांडा टोकाला धरून, कोपर अंगाशी ठेवून, डोकं सावकाश डावीकडे आणि उजवीकडे फिरवा, १० वेळा, २ फेरे.

भार योग्य आहे का हे कसं ओळखायचं? कळीला शून्य ते दहा गुण द्या. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची किटली उचलून बघा. कळ नेहमीइतकीच असेल तर तेच वजन ठेवा, कमी असेल आणि दोन दिवस सलग कमी राहिली तर अर्धा किलो वाढवा, जास्त असेल तर मागच्या पायरीवर या. किटली हेच तुमचं मीटर. एकही कळ नको म्हणून व्यायामच बंद केला, तर कंडरा आणखी नाजूक होतो आणि पहिल्याच मॅचला परत दुखतो.

तीन दिवसांत हे बसवताना क्रम महत्त्वाचा आहे. पावलांचं काम खेळायच्या आधी, पाय ताजे असताना. खांद्याचं आणि हाताचं काम खेळून झाल्यावर. मी स्वतः शिकत असताना उलटं केलं होतं : वॉर्मअप म्हणून ट्यूबवर खांदा पार थकवला आणि मग चाळीस सर्व्हिस मारल्या. ब्रेक काढून उतारावर ट्रॉली सोडण्याचाच प्रकार. महिनाभर केस विंचरायला हात वर जात नव्हता. खेळायच्या आधी ट्यूबचे १० सोपे हेलकावे पुरे, रक्त फिरण्यापुरते.

तर मंगळवारी ६ ते ६.२० हातपाय मोकळे करणं, स्प्लिट स्टेप आणि बॉल-ड्रॉप. ७ पर्यंत खेळ. नंतर अर्धा तास खांद्याचे तिन्ही व्यायाम आणि टेबलावरचं मनगट. गुरुवारी सुरुवात आणि खेळ तसाच, शेवटचा अर्धा तास पायांचे तिन्ही व्यायाम आणि मनगट. रविवारी मॅच खेळा, पण पहिले चार आठवडे दुहेरी, त्यात सर्व्हिस चारातून एकदाच वाट्याला येते. मॅचनंतर फक्त टॉवेलवाला खांदा आणि मनगट, पंधरा मिनिटं. गुरुवारच्या पायांच्या दुखऱ्या मांड्या रविवारपर्यंत सुटतात, म्हणून पाय शनिवारी ढकलू नका.

पहिले दोन आठवडे एका सकाळी २० सर्व्हिस, तेसुद्धा पाऊण जोराने. दर आठवड्याला आठ-दहा वाढवा. बॅकहँड याच काळात दोन हातांनी किंवा फक्त स्लाइस. दोन हात जोडले की उजव्या कोपरावरचा धक्का डावा वाटून घेतो. आवडला तर कायमच ठेवा, मी काही म्हणणार नाही. आणि रॅकेट आवळून धरायची सवय मोडा. दोन फटक्यांच्या मध्ये डाव्या हाताने तिची मान धरली की उजवी मूठ आपोआप सैल पडते.

सहाव्या आठवड्यात खुर्ची परत उचला. बहुतेकांची कळ तोवर निम्म्यावर आलेली असते. पूर्ण जायला तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. सहा आठवडे नेमाने करूनही किटलीची कळ तसूभर हलली नाही, तर फिजिओथेरपिस्टकडे जा, मानेतून काही येतंय का ते त्यांना तपासू द्या. सरळ हाताने दोन-अडीच किलो १२ वेळा विनाकळ जमलं आणि खुर्ची बिनबोभाट उचलली गेली, की एका हाताचा बॅकहँड परत आणा. तोही आधी जोडीदाराने हाताने टाकलेल्या बॉलवर, २० फटके.

आत्ता फेब्रुवारी आहे, दहा आठवडे म्हणजे एप्रिलचा शेवट. आपल्याकडे तेव्हा साडेसातचं ऊनही सोसवत नाही, तेव्हा एप्रिलपासून पावणेसहाला कोर्टवर या आणि शेवटचा अर्धा तास घरी पंख्याखाली करा. त्याला ट्यूब आणि बाटलीच तर लागते. पाण्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू टाकून लिटरभर सोबत ठेवा.

जूनमध्ये तुमचं दुकान पेरणीच्या गर्दीत असेल आणि कोर्टवर पाणी. त्या दीड महिन्यात आठवड्यातून दोनदा टॉवेलवाला खांदा आणि एकदा सरळ हाताचं मनगट एवढंच ठेवलंत तरी कमावलेलं टिकेल. गोण्या हमालाला उचलू द्या. उचलावीच लागली, तर खालून पंजे वर करून, छातीशी कवटाळून. कान धरून ओढू नका.